आजी, मी मनू बोलतेय

ताई, नमस्कार. माझी आजी ८३ वर्षांची आहे. आधी इंदूरलाच आमच्याबरोबर रामबागेत असायची, आता ग्वाल्हेरला काकांकडे असते. डोळ्यांमुळे तिला फोनवरचं वाचता येत नाही, त्यामुळे सणावाराला मी टाइप केलेलं काकूच वाचून दाखवतात. फोनवर बोलावं तर तिला नीट ऐकू येत नाही, मग ती नुसतं ‘हो, हो’ म्हणते. काकू म्हणाल्या, आवाजात पाठव. दिवाळीला मी व्हॉइस मेसेज पाठवला: ‘हॅलो आजी, कशी आहेस? बरी आहेस ना? तब्येत काय म्हणतेय? औषधं वेळेवर घेतेस ना? इकडे आम्ही सगळे मजेत. तुला दिवाळीच्या हार्दिक शुभेच्छा! काळजी घे, बाय.’ काकूंनी लावून फोन तिच्या हातात दिला, तिनं कानाला धरला आणि म्हणाली, ‘कोणीतरी कुजबुजतंय.’ पुढे काहीच नाही. आता संक्रांत आलीय. पुन्हा पाठवावंसं वाटतं, पण रेकॉर्ड करायला बसलं की काय बोलावं तेच सुचत नाही, दोन वाक्यं बोलून पुसून टाकते. माझ्या मराठीत हिंदी पण फार येते, त्याचीही लाज वाटते. शिवाय एक शाळेतली मैत्रीण बडोद्याला आहे, तिच्याशी दोन वर्षं बोलणं नाही. तिलाही असंच पाठवू का?
— मनू, सुदामा नगर, इंदूर

मनू,

काय बोलायचं ते जरा नंतर बघू. आधी ‘कुजबुज’ कुठून आली ते शोधू या, कारण ते निस्तरलं नाही तर तू कितीही गोड बोललीस तरी ग्वाल्हेरला पुन्हा तेच होणार.

व्हॉट्सॲपचा व्हॉइस मेसेज फोन समोर किंवा टेबलावर ठेवून लावला तर मोठ्या स्पीकरमधून वाजतो. तोच फोन कानाला लावला की वरच्या कडेजवळचा सेन्सर ते ओळखतो, स्क्रीन काळी होते आणि आवाज कानाजवळच्या बारीक स्पीकरमधून येऊ लागतो. बसमध्ये बसून कोणाचा खाजगी निरोप ऐकायचा असेल तर ही सोय उत्तम. पण आजीच्या पिढीला फोन म्हटला की तो कानालाच लावायचा असतो, आणि जिचं ऐकणं आधीच कमी झालंय तिच्या वाट्याला त्यामुळे सगळ्यात बारीक आवाज येतो. तिला कुजबुज ऐकू आली ती अगदी खरी होती. नुसता हात, शालीचं टोक किंवा फोनच्या पाकिटाचं झाकण त्या वरच्या कडेसमोर आलं तरी हेच घडतं. ओळखायची खूण सोपी आहे: निरोप वाजता वाजता स्क्रीन अचानक काळी झाली आणि आवाज बारीक झाला, तर समजायचं की फोन त्या बारीक स्पीकरवर गेला.

म्हणून काकूंना आधी एक ओळ टाइप करून पाठव: ‘काकू, हा आजीसाठी आहे. फोन तिच्यासमोर टेबलावर उताणा ठेवून लावा, हातात देऊ नका.’ एवढ्यानं निम्मं काम होईल. त्याच ओळीत आणखी दोन गोष्टी सांगता आल्या तर बघ. एक म्हणजे आवाज वाढवायचा तो निरोप वाजत असताना, बाजूच्या बटणानं. एरवी तेच बटण दाबलं तर काही फोनांवर रिंगचा आवाज वाढतो आणि निरोप होता तिथेच राहतो. दुसरी गोष्ट वेगाची. निरोप वाजत असताना त्याच्याच पट्टीवर 1×, 1.5× किंवा 2× असा आकडा दिसतो. काकूंना त्यांच्या बहिणींचे लांबलचक निरोप भराभर ऐकायची सवय असली (आणि कोणाला नसते!), तर तुझाही निरोप दीडपट वेगानं पळायचा. तुला नीट कळेल, काकूंनाही कळेल, आजीला मात्र सगळा गुंता ऐकू येईल. तो आकडा 1× असायला हवा.

आता तुझ्या बाजूचं. वयानुसार ऐकणं कमी होतं तेव्हा सगळे आवाज सारखे बारीक होत नाहीत. आधी जातात ते उंच, तीक्ष्ण आवाज, आणि आपल्या बोलण्यातले स, श, च, त, क, फ हे नेमके त्यात मोडतात. अ, आ, ओ हे भरदार स्वर बराच काळ शाबूत राहतात. त्यामुळे आजीला कोणीतरी बोलतंय हे कळतं, काय बोलतंय ते कळत नाही. ‘साठ’ आणि ‘आठ’ यांत फरक फक्त सुरुवातीच्या ‘स’चा. तो निसटला की साठ लाडवांचे आठ लाडू होतात. फोनवर ती ‘हो, हो’ करते त्याचं कारणही बहुधा हेच असणार. दर वाक्याला ‘काय? काय?’ विचारायला तिला संकोच वाटतो.

अशा वेळी आपण हमखास ओरडतो, आणि ओरडण्यानं उलटच होतं. ओरडलं की स्वर फुगतात, व्यंजनं होती तिथेच राहतात, म्हणजे जे ऐकू येत होतं ते मोठं झालं आणि जे येत नव्हतं ते त्याखाली दबलं. शिवाय सणाच्या उत्साहात आपला आवाज उंच चढतो, तोही तिच्या कामाचा नाही. तू नेहमीच्या आवाजात, किंचित खालच्या पट्टीत बोल आणि दोन वाक्यांमध्ये एक श्वास घेण्याइतकी थांब. ही थांबण्याची जागा मी सगळ्यात महत्त्वाची मानते. अर्धवट ऐकलेलं वाक्य मनात जुळवायला आजीला तेवढा वेळ लागतो, आणि तेवढ्यात तू पुढचं वाक्य सुरू केलंस तर दोन्ही जातात. दिवाळीच्या निरोपात तू एकाही ठिकाणी थांबली नसशील, नुसतं वाचूनच मला धाप लागली.

नावं आणि आकडे यांना आणखी जपायला हवं. ‘पाऊस पडला’ यातला ‘प’ ऐकू आला नाही तरी बाकीच्या शब्दांवरून ताळा लागतो. नावाला तसा आधार मिळत नाही. ‘निशाचं ठरलं’ असं म्हणण्यापेक्षा ‘आत्याची मोठी मुलगी, निशा, तिचं लग्न ठरलं’ असं म्हण. आधी नातं सांगितलं की ओळखीचं माणूस डोळ्यासमोर येतं, आणि मग नाव अर्धं ऐकू आलं तरी पुरतं.

रेकॉर्ड कुठे करायचं? संक्रांतीला तू गच्चीवर असशील, आणि तिथूनच पाठवायचा मोह होईल. पण गच्चीवरचं वारं माइकवर आदळलं की नुसती फडफड ऐकू येते, शेजारच्या डीजेचं तर बोलायलाच नको. खाली ये. गाद्या, पडदे, कपड्यांचं कपाट असलेली खोली चांगली, कारण तिथे आवाज घुमत नाही. फरशी आणि टाइल्सचं स्वयंपाकघर सगळ्यात वाईट, त्यात कुकरची शिट्टी. फोनचा माइक सहसा खालच्या कडेला, चार्जिंगच्या भोकाशेजारी असतो. ती कडा तळहातानं झाकू नकोस. फोन तोंडापासून साधारण एक वीत लांब आणि जरा खाली, हनुवटीच्या पातळीला धर. अगदी ओठांसमोर धरलास तर ‘प’ आणि ‘भ’ म्हणताना हवेचा फुगा फुटल्यासारखा आवाज येतो. आणि कानातलं ब्लूटूथ बंद कर. ते जोडलेलं राहून पर्समध्ये पडलं असेल तर काही वेळा फोन आवाज त्याच्याच माइकनं घेतो, आणि तू पर्समधून बोलल्यासारखी ऐकू येतेस.

माइकच्या चिन्हावर बोट दाबून धरलंस की रेकॉर्डिंग सुरू होतं. बोट तसंच वर सरकव, कुलूप लागतं आणि हात मोकळा होतो. डावीकडे सरकवलंस तर रद्द होतं. कुलूप लावल्यावर मध्येच थांबवता येतं, पाठवायच्या आधी ऐकून बघता येतं आणि नको असेल तर कचऱ्याच्या डब्यात टाकता येतं. बोट दाबल्या दाबल्या बोलू नकोस, क्षणभर थांब, नाहीतर पहिला शब्द कापला जातो. तुझ्या बाबतीत पहिला शब्द ‘आजी’ असणार, तो कापला जाऊन कसं चालेल? शेवटीही तसंच, बोलून झाल्यावर क्षणभर थांबून मग पाठव.

पाठवायच्या आधी परीक्षा घे, पण स्वतःच्या कानांनी नको. काय बोललीस ते तुला माहीत असतं, त्यामुळे तुला ते पुसट असलं तरी स्पष्ट वाटतं. बाबांना खोलीच्या दुसऱ्या टोकाला बसव, फोन टेबलावर ठेवून आवाज निम्म्यावर कर आणि काय ऐकू आलं ते सांगायला लाव. जिथे बाबा अडखळतील तिथे आजी नक्की अडखळेल.

आता मुख्य गोष्ट, बोलायचं काय. तुझ्या दिवाळीच्या निरोपात चार प्रश्न होते आणि चारही असे की ज्यांचं उत्तर ‘बरी आहे’ याच्यापलीकडे जात नाही. समोरासमोर हे प्रश्न चालतात, कारण तिथे ते नुसते दार उघडायला असतात, पुढे गप्पा सुरू होतात. निरोपात पुढे कोणी नसतं. तू विचारून मोकळी झालीस आणि ती बिचारी फोनकडे बघत बसली. त्यातही औषधांचा प्रश्न मला अजिबात आवडला नाही, सांगून ठेवते. सणाच्या दिवशी नातीनं आवाजात निरोप पाठवायचा आणि त्यात गोळ्यांची चौकशी करायची! ती काकूंकडे वेगळी कर. उरलं काय तर ‘आम्ही सगळे मजेत’ आणि शुभेच्छा. त्या निरोपात तुझं असं काहीच नव्हतं. कोणत्याही नातीनं कोणत्याही आजीला तो पाठवला असता तरी चालला असता.

सुचत नाही याचंही कारण मला तेच दिसतं. ‘आजीला शुभेच्छा द्यायच्या’ असं डोक्यात धरून बसलं की शुभेच्छा दोन वाक्यांत संपतात, आणि मग माणूस औषधांकडे वळतो. त्याऐवजी एकच ताजी, बारीकशी बातमी धर, आजीला डोळ्यांपुढे आणता येईल अशी. सराफ्यात गराडूच्या कढया लागल्या, आणि बाबा थंडीचं निमित्त काढून दर दोन दिवसांनी तिकडे वळतात. तुमच्या जुन्या गल्लीत पोरं अजून गिल्ली-डंडा खेळतात, कालची गिल्ली कोणाच्या तरी खिडकीत गेली. आजी रामबागेत राहिलेली आहे, तिला राजवाड्यापासून घरापर्यंतचा रस्ता पाठ आहे. ऑफिसातलं प्रमोशन किंवा नवी गाडी सांगितलीस तर ती ‘छान छान’ म्हणेल, पण तिला त्यातलं काही दिसणार नाही.

आणि त्या बातमीला जोडून एकच प्रश्न विचार, तिला ठाऊक असलेल्या आणि तुला खरोखर हव्या असलेल्या गोष्टीबद्दल. असा प्रश्न असला की तिला बोलायला काहीतरी मिळतं. दोन प्रश्न विचारलेस तर पहिला विसरला जातो.

समजा, यंदा तू आणि आईनं तिळाचे लाडू केले आणि पाक चुकला. (चुकला नसेल तर तुझी जी काही खरी बातमी असेल ती घे, आजीशी खोटं बोलू नकोस.) मग निरोप असा होईल:

‘आजी… मी मनू बोलतेय. इंदूरहून.

आज संक्रांत. तिळगूळ घ्या, गोड बोला.

आजी, काल आई आणि मी तिळाचे लाडू केले. पाक जास्त शिजला. लाडू इतके कडक झालेत, की बाबा म्हणाले, अडकित्ता आणा.

तू पाकाचा थेंब पाण्यात टाकून बघायचीस ना? लाडवासाठी ती गोळी मऊ हवी, की कडक? मला सांग. काकू फोन धरतील, तू नुसतं बोल.

तुला नमस्कार करते, आजी.’

हे साठेक शब्द आहेत. सावकाश, थांबत थांबत बोललीस तर पाऊण मिनिटाच्या आत बसतात. याहून लांबवू नकोस. सव्वा-दीड मिनिटांच्या निरोपात शेवटाला पोचेपर्यंत सुरुवातीचं हातातून गेलेलं असतं, आणि मुख्य म्हणजे तो कोणी पुन्हा लावत नाही. पाऊण मिनिटाचा असला की काकूही कुरकुर न करता दोनदा-तीनदा लावून देतात, आणि पहिल्या वेळी सुटलेलं आजीला दुसऱ्या वेळी सापडतं. फोनवरच्या बोलण्यात ही सोय नसते. तरी फोन करणं सोडू नकोस, हे त्याच्या बदल्यात नाही.

त्या मजकुरातल्या दोन-तीन जागा बघ. पहिलं ‘आजी’ म्हणून थांबायचं, म्हणजे ती जे काही करत असेल ते सोडून फोनकडे वळेल. लगेच नाव आणि गाव. ‘ओळख बघू मी कोण’ हा खेळ चुकूनही खेळू नकोस. तिनं चुकीचं नाव घेतलं तर ती काकूंसमोर ओशाळते, आणि पुढचं सगळं ऐकताना तोच विचार मनात राहतो. सणाची ओळ सुरुवातीलाच घेतली आहे, कारण ती तिला पाठ आहे. पाठ असलेलं वाक्य अर्धं ऐकू आलं तरी पूर्ण कळतं, तेवढ्यात कान तुझ्या आवाजाला बसतो आणि नवी बातमी त्यानंतर येते. अडकित्त्याच्या आधी मुद्दाम थांब, हसायची जागा आहे ती. आणि शेवट नमस्कारानं केलाय. ‘बाय’ हा दोन अक्षरांचा शब्द तिच्या कानाला लागायच्या आतच संपतो.

हा मजकूर समोर ठेवून वाचू मात्र नकोस. वाचलेलं लगेच ओळखू येतं, आवाज सपाट होतो आणि आजीला वाटतं की बातम्या लागल्या आहेत. चिठ्ठीवर फक्त चार शब्द लिही: संक्रांत, अडकित्ता, गोळी, नमस्कार. मधलं तुझं तुला येतं. आणि येताना हिंदी आली तर येऊ दे. उभा जन्म इंदुरात काढलेली तुझी आजी काही सदाशिव पेठेतलं मराठी ऐकायला बसलेली नाही. ‘पतंग उडवून राहिले सगळे’ असं तू घरात म्हणत असशील तर निरोपातही तसंच म्हण. पुस्तकी ‘हार्दिक शुभेच्छा’ ऐकून ती तुला ओळखणार नाही, या बोलण्यानं ओळखेल. माझी हरकत फक्त इंग्रजीला आहे, आणि तीही कानासाठी. ‘ॲक्च्युअली’, ‘बेसिकली’ असले शब्द तिला अनोळखी, त्यामुळे अर्धवट ऐकू आले तर जुळवता येत नाहीत.

गच्चीचा मोह सुटत नसेल तर एक युक्ती सांगते. मुख्य निरोप खोलीतून पाठव आणि त्यामागे एक वेगळा, पाच-सहा सेकंदांचा निरोप गच्चीवरून, ज्यात तू काहीच बोलायचं नाहीस. शेजारच्या पोरांनी पतंग कापून ‘काटा है!’ म्हणून केलेली आरडाओरड तेवढी येऊ दे. लागोपाठचे दोन व्हॉइस मेसेज व्हॉट्सॲप एकामागोमाग आपोआप वाजवतं, त्यामुळे काकूंना वेगळं काही करावं लागत नाही. फक्त वाऱ्याकडे पाठ करून उभी राहा.

वेळेचंही बघ. सणाच्या सकाळी काकू कामात असतात, तेव्हा निरोप आला तर घाईघाईनं लावून फोन पुन्हा आजीच्या हातात दिला जाईल. जेवणं उरकल्यावर, आजी आडवी व्हायच्या आत पाठव, किंवा सरळ चार वाजताच्या चहाला. ग्वाल्हेरच्या जानेवारीत ती त्या वेळी उन्हात बसलेली असेल तर फार छान, फक्त रस्त्याच्या बाजूला नको. निरोप ऐकला गेला की त्याच्याशेजारचं माइकचं चिन्ह निळं होतं. मात्र त्या निळ्यावरून काकूंनी ऐकला की आजीनं, हे कळत नाही, म्हणून निळं झालं आणि उत्तर आलं नाही तर लगेच मनाला लावून घेऊ नकोस.

उत्तर येईल तेव्हा ते बहुधा ‘हॅलो… हॅलो… हे चालू आहे का गं?’ एवढंच असेल आणि तुटेल. बटण दाबून धरणं म्हाताऱ्या बोटांना जमत नाही, बोट जरा सुटलं की अर्धवट निरोप निघून जातो. म्हणूनच काकूंनी कुलूप लावून फोन समोर धरायचा. तेही त्यांना आधीच्या त्या एका ओळीत न कोंबता वेगळं सांग, फोन करून सांगितलंस तर उत्तम. आणि आजीनं ‘मऊच हवी, कडक गोळी चिक्कीला’ असं काही सांगितलं तर दुसऱ्याच दिवशी दहा सेकंदांचं उत्तर दे: ‘आजी, मनू. तू म्हणालीस तसे पुन्हा केले. या वेळी जमले.’ अर्थात आधी खरंच करून बघ. या दुसऱ्या निरोपाला सण लागत नाही. खरं सांगायचं तर मला तो पहिल्यापेक्षा जास्त महत्त्वाचा वाटतो, कारण आपलं म्हणणं तिकडे पोचलं हे आजीला त्यातूनच कळतं.

इतकं सगळं करूनही तिला काहीच लागलं नाही, टेबलावर ठेवून, 1× वर, दोनदा लावूनही नाही, तर ते तुझ्या बोलण्याच्या हातातलं नाही. मग काकांना सांगून तिचा कान तपासून घ्यायला लाव. कधीकधी आत साठलेला मळ एवढंच कारण निघतं, आणि कानाचे डॉक्टर तो काढून देतात.

मैत्रिणीचं प्रकरण वेगळं आहे, आणि सोपंही. तिचे कान तरुण आहेत, ती तुझा निरोप 1.5× वर, भांडी घासता घासता ऐकणार आहे. तिथे थांबण्याच्या जागा नकोत की खालची पट्टी नको, तू धावत बोललीस तरी चालेल, एक मिनिटापर्यंत बोल. गोची वेगळीच आहे: दोन वर्षांनंतर बोलताना माणूस अर्धा वेळ माफीत घालवतो. ‘सॉरी यार, फार दिवस झाले, मीच फोन करायला हवा होता, तू पण बिझी असशील…’ हे ऐकून समोरच्यालाही अपराधी वाटू लागतं, आणि अपराधी वाटलं की उत्तर पुढे ढकललं जातं. माफी एका वाक्यात संपव किंवा वगळच. सुरुवात त्या गोष्टीनं कर जिच्यामुळे ती आठवली: ‘अगं, आज छप्पन दुकानवर आपल्या वर्गातला तो मॉनिटर दिसला, टक्कल पडलंय त्याला!’ नाव सांगायचीही गरज नाही, तिला कळेल. बडोद्यात संक्रांत म्हणजे उत्तरायण, तिकडे दोन दिवस सगळे गच्चीवर असतात, तेव्हा प्रश्नही तयारच आहे: ‘यंदा किती पतंग कापलेस, की नुसतं उंधियू खाल्लंस?’

आणि निरोपाच्या आधी एक ओळ टाइप कर: ‘काही तातडीचं नाही गं, सहज बोलतेय, निवांत ऐक.’ दोन वर्षांनी अचानक कोणाचा व्हॉइस मेसेज दिसला की आधी पोटात गोळा येतो, कोणाचं काही झालं का म्हणून. ऑफिसात चारचौघांत तो लावायची सोयही नसते. ही ओळ असली की ती घरी जाऊन ऐकेल. उत्तर टाइप करून आलं तरी वाईट वाटून घेऊ नकोस, सगळ्यांना बोलायला आवडतंच असं नाही.

— ताई